इन्व्हर्टरवर फोन लावला की स्क्रीन आपोआप चालते. दोष चौकोनी वेव्हचा का?

केवडा | ९ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आम्ही दापोलीजवळ समुद्राकडच्या गावात राहतो. पावसाळ्यात आमच्याकडे रात्री लाइट गेली की बरेचदा उजाडेपर्यंत येत नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ झालं, त्यानंतर कित्येक रात्री काळोखात काढल्या आणि मग इन्व्हर्टर घेतला. चौकोनी वेव्हचा आहे, १५० एएचची एकच बॅटरी. पंखा थोडा गुणगुणतो, बाकी काही त्रास नव्हता.

गेल्या महिन्यात नवा फोन घेतला. लाइट असताना चार्जिंगला लावून वापरला तर छान चालतो. इन्व्हर्टरवर लावला की स्क्रीन वेड्यासारखी करते. एक अक्षर दाबावं तर दुसरंच उमटतं, यादी आपोआप सरकते, परवा तर भलत्याच माणसाला फोन लागला. वायर काढली की पुन्हा शहाणा.

दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, चौकोनी वेव्हने फोनची बॅटरी मरेल, प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्या. काल घरातल्या साध्या मल्टिमीटरने इन्व्हर्टरचा सॉकेट मोजला, २५२ व्होल्ट दाखवले. म्हणून जास्तच काळजी वाटते. सासऱ्यांची तब्येत नाजूक आहे, रात्री फोन चालू असणं गरजेचं आहे. वेव्ह खरंच फोनपर्यंत पोचते का? इन्व्हर्टर बदलायलाच हवा का?

घाटमाथा | ९ जुलै, रात्री ११:१५

दुकानदार बरोबर बोलतोय. चौकोनी वेव्ह कुठल्याच नाजूक वस्तूला चालत नाही. पंखा गुणगुणतो तो त्यामुळेच, चोकवाली ट्यूबही आवाज करते. माझा एक चार्जर असाच गेला. रात्रभर लाइट नव्हती, फोन कॉम्प्युटरच्या यूपीएसला लावला होता, सकाळी बघतो तर चार्जर फुटलेला. नंतर त्या यूपीएसचं आउटपुट मोजलं तर १८० व्होल्टच. म्हणजे तुमचा जास्त देतो, माझा कमी देतो, दोन्ही वाईट.

तोपर्यंत एक करा. इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा खटका असेल, तो यूपीएसवर ठेवा. वेव्ह सुधारते.

वऱ्हाडी_उन्हाळा | १० जुलै, सकाळी ७:०५

ताई, पंख्याची गुणगुण असेल तर रेग्युलेटर बदलून पाहा. आमच्या अकोल्यात मे महिन्यात रात्रभर पंखा इन्व्हर्टरवरच चालतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर चौकोनी वेव्हवर लय आवाज करतो, कपॅसिटरच्या पायऱ्यांचा लावला तेव्हा आमचा निम्मा आवाज गेला. एक नंबरवर चालवण्यापेक्षा पूर्ण स्पीडवर ठेवला तर मोटर कमी तापते, हेही पाहिलं आहे.

केवडा | १० जुलै, सकाळी ८:२०

धन्यवाद दादा, रेग्युलेटरचं नक्की बघते. पण माझा प्रश्न फोनचा आहे. पंखा चालवून घेऊ.

सोल्डर | १० जुलै, दुपारी १:५०

केवडाताई, सांगलीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षं यूपीएस, इन्व्हर्टर आणि चार्जर उघडतोय. इन्व्हर्टर बदलू नका, निदान या कारणासाठी तरी नाही. तुमच्या पोस्टमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या सुट्या करू.

पहिली, फोनच्या बॅटरीची. चार्जरमध्ये वीज शिरली की सगळ्यात आधी चार डायोड तिला एकाच दिशेची करतात आणि एक जाडसर कपॅसिटर ती साठवतो. पुढचं सगळं काम त्या साठ्यावर चालतं. तिथून पुढे चार्जर ती वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून बारीक ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो आणि ५ किंवा ९ व्होल्ट तयार करतो. आलेली वेव्ह गोल होती की चौकोनी, याची आठवण त्या कपॅसिटरच्या पलीकडे राहत नाही. फोनमध्ये पुन्हा स्वतःचं चार्जिंगचं सर्किट असतं. बॅटरीला किती करंट द्यायचा हे तेच ठरवतं. त्यामुळे चौकोनी वेव्हने फोनची बॅटरी मरत नाही.

कपॅसिटर भरतो तो वेव्हच्या शेंड्यापर्यंत. घरच्या २३० व्होल्टचा शेंडा ३२५ चा असतो, म्हणजे लाइट असताना कपॅसिटरवर ३२५ च्या आसपास डीसी. चौकोनी वेव्हला वेगळा शेंडा नसतो, ती सपाटच असते, म्हणून तिथे २३० च्या आसपास मिळतात. आता चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं ते बघा. त्यातल्या १०० चा शेंडा १४१ होतो. म्हणजे १४१ पासून जवळजवळ ३४० डीसीपर्यंत तो सुखाने चालायला बनवलेला आहे. २३० त्याच्या अगदी मधोमध पडतात. खरं तर चौकोनी वेव्हवर त्या कपॅसिटरला घरच्या लाइटपेक्षा कमी ताण पडतो.

बाकीच्या दोन गोष्टी, म्हणजे २५२ चा आकडा आणि स्क्रीन, संध्याकाळी दुकान बंद केल्यावर लिहितो.

घाटमाथा | १० जुलै, दुपारी २:३०

मग माझा चार्जर फुटला तो कसा?

सोल्डर | १० जुलै, रात्री ९:१०

आधी आकड्यांचं. केवडाताईंचा २५२ आणि घाटमाथा यांचा १८०, दोन्ही बहुधा २३० च्या आसपासच आहेत.

साधा मल्टिमीटर एसी मोजताना सरासरी काढतो आणि वेव्ह गोलच असणार असं धरून तिला १.११ ने गुणतो. पूर्ण चौकोनी वेव्हला तो गुणाकार लागू होत नाही, म्हणून आकडा अकरा टक्के फुगतो. २५२ ला १.११ ने भागा, २२७ येतात. इन्व्हर्टर नीट काम करतोय.

कॉम्प्युटरच्या स्वस्त यूपीएसची वेव्ह वेगळी असते. ती वर जाते, काही क्षण सपाट राहते, शून्यावर येऊन थांबते, मग खाली जाते. शेंडा ३२५ चा आणि निम्मा वेळ शून्यावर, असं असेल तर खरे व्होल्ट २३०, पण साधा मीटर १८० दाखवतो. तुमचा आकडा बरोबर तोच आहे. मीटरवर 'ट्रू आरएमएस' लिहिलेलं असेल तरच अशा वेव्हवर विश्वास ठेवा.

आता फुटलेला चार्जर. घाटमाथा, एक सांगा. तो रात्री लाइट नसताना फुटला, की पहाटे लाइट आली तेव्हा? घरातलं आणखी काही गेलं होतं का?

घाटमाथा | १० जुलै, रात्री ९:४५

झोपेत होतो, वेळ सांगता येणार नाही. पण हो, त्याच दिवशी देवघरातला एलईडी बल्ब आणि शेजाऱ्यांचा टीव्ही गेला. वायरमन आला तेव्हा म्हणाला की खांबावर न्यूट्रल ढिली होती.

सोल्डर | १० जुलै, रात्री १०:०५

तर मग उत्तर मिळालं. न्यूट्रल तुटली की घरात २३० राहत नाहीत. शेजारच्या फेजवर किती भार आहे त्याप्रमाणे ते ४०० च्या दिशेने चढतात. ४०० चा शेंडा ५६५ होतो आणि चार्जरमधला कपॅसिटर सहसा ४०० व्होल्टचा असतो. तो फुगतो आणि फुटतो. असले साधे यूपीएस लाइट आल्यावर तीच लाइट पुढे पाठवतात. व्होल्ट मर्यादेबाहेर आहेत हे कळून ते तोडेपर्यंत काही क्षण जातातच. दुकानात फुटलेले चार्जर येतात ते वादळ-पावसानंतर, एकाच गल्लीतून चार-पाच एकदम. नुसत्या चौकोनी वेव्हने फुटलेला, मूळ कंपनीचा चार्जर मी अजून पाहिलेला नाही. शेजाऱ्यांचा टीव्ही तर तुमच्या यूपीएसवर नव्हता ना?

आणि तो खटका. यूपीएसवर ठेवला की इन्व्हर्टर लाइटमधला चढउतार कमी सहन करतो, साधारण १८० ते २६० च्या बाहेर गेली की बॅटरीवर येतो, आणि बदलही चटकन करतो. कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून ती सोय आहे. वेव्ह तीच राहते. तुमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर यूपीएसवर ठेवल्याने उलट बॅटरी विनाकारण वापरली जाईल.

घाटमाथा | १० जुलै, रात्री १०:२०

शेजाऱ्यांच्या टीव्हीचं पटलं. खटक्याचं माझं चुकलं, केवडाताई. पण पंखा, मिक्सर, फ्रिज यांना चौकोनी वेव्ह वाईट, हे मी अजूनही म्हणेन.

सोल्डर | १० जुलै, रात्री १०:३०

त्यात दुमत नाही. मोटर आणि लोखंडी ट्रान्सफॉर्मर यांना वेव्हचा आकार थेट भोगावा लागतो, त्या तापतात आणि गुणगुणतात. जुन्या फोनांचे ते जड, हाताला वजन लागणारे चार्जर होते ना, ते याच जातीचे. आजचे हलके चार्जर नव्हेत.

केवडा | १० जुलै, रात्री १०:५०

काका, फार बरं वाटलं वाचून. पण स्क्रीनचं काय? वेव्ह कपॅसिटरपाशीच संपत असेल तर फोनला ती कळते कशी?

सोल्डर | ११ जुलै, सकाळी ६:४०

हाच खरा प्रश्न आहे. वेव्ह चार्जिंगच्या वाटेने जात नाही, बाजूच्या वाटेने जाते.

चार्जरच्या लाइटकडच्या आणि फोनकडच्या बाजूंमध्ये एक छोटा निळा कपॅसिटर मुद्दाम जोडलेला असतो. चार्जर स्वतः जो गोंगाट करतो तो परत जिरवण्यासाठी. त्यातून अगदी थोडी वीज फोनच्या बाजूला झिरपते, मिलीअँपिअरच्या दहाव्या भागाच्या आसपास. धातूच्या कडेचा फोन चार्जिंगला असताना बोटाला बारीक मुंग्या आल्यासारखं वाटतं, ती हीच. धोका नसतो.

गोल वेव्ह हळूहळू चढते-उतरते, म्हणून झिरपणंही संथ असतं. चौकोनी वेव्ह एका क्षणात उणे २३० वरून अधिक २३० वर उडी मारते. त्या उडीच्या क्षणी कपॅसिटरमधून झटका जातो आणि चार्जर, वायर, फोन असं सगळं एकदम वर उचललं जातं. सेकंदाला शंभर वेळा. तुमचं बोट मात्र वर उचललं जात नाही, कारण तुम्ही जमिनीवर उभ्या आहात. स्क्रीन बोटामुळे होणारा अतिशय बारीक विद्युत बदल मोजत असते. फोन हलतोय आणि बोट स्थिर आहे, म्हणजे तिला सतत कुणीतरी टिचक्या मारल्यासारखं वाटतं.

हे तुमच्याच घरी तपासता येईल. आज लाइट गेली की तीन गोष्टी करा. फोन इन्व्हर्टरवर लावून टेबलावर ठेवा आणि हात न लावता बघत राहा. मग अनवाणी फरशीवर उभं राहून टाइप करा. मग पाय वर घेऊन लाकडी खाटेवर बसा आणि टाइप करा. शक्य झालं तर शेवटी दुसऱ्या चार्जरने हेच करा, फोन आणि वायर तीच ठेवून.

सातभाई_नाशिक | ११ जुलै, दुपारी १२:१५

चर्चा चांगली चालली आहे. माझी एक अडचण सांगतो. माझ्याकडे ६०० व्हीएचा यूपीएस आहे, आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी. मागच्या आठवड्यात फक्त फोन लावला होता, कॉम्प्युटर बंद. हिशोब केला, १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास. माझ्या ५००० एमएएचच्या फोनला १९ वॉट-तास लागतात. म्हणजे चार वेळा तरी भरायला हवा. प्रत्यक्षात अडीच तासांत यूपीएस टीं टीं करून बंद पडला, फोन एकदा भरला आणि बायकोचा अर्धा. बॅटरी नवीन आहे.

सोल्डर | ११ जुलै, रात्री ९:३०

बॅटरी ठीक असणार. यूपीएस स्वतः किती खातो ते हिशोबात धरलं नाहीत. २३० व्होल्ट तयार ठेवायलाच असा छोटा यूपीएस १५ वॉटच्या आसपास घेतो, पुढे काही लावा न लावा. फोनला सरासरी ८-१० वॉट जात असतील तर यूपीएसचा स्वतःचा घास फोनपेक्षा मोठा झाला. दोन्ही मिळून २५ वॉट. शिवाय एवढ्या छोट्या बॅटरीवर एवढा भार टाकला की ती पूर्ण ८४ देत नाही, ६०-६५ मिळाले तरी पुष्कळ. ६२ भागिले २५, अडीच तास. तुमचा अनुभव आणि हिशोब जुळतात.

म्हणून फोन भरला की यूपीएस बंद करायचा, रात्रभर चालू ठेवायचा नाही. काही मॉडेल तर पुढे भार फारच कमी दिसला की आपणहून बंद होतात. लोक त्याला बिघाड समजतात.

केवडाताईंच्या १५० एएचला हे जाणवणार नाही. तिथे नावापुरते १८०० वॉट-तास आहेत.

पाचोळा | ११ जुलै, रात्री १०:१०

आमच्याकडे चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर फोन वर्षानुवर्षं भरतात, काही झालं नाही. पण डास मारायची रॅकेट त्याच सॉकेटला लावली आणि अर्ध्या तासात प्लास्टिक वितळल्याचा वास आला. मुलं त्याच खोलीत झोपली होती, म्हणून अंगावर काटा आला. रॅकेट तर फोनपेक्षा किती साधी वस्तू. मग ती का जळली?

सोल्डर | ११ जुलै, रात्री १०:४०

साधी आहे म्हणूनच जळली. हे सगळ्यांनी वाचावं.

स्वस्त रॅकेट, चार्जिंगचा टॉर्च, काही रात्रीचे दिवे यांच्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. लाइटच्या वाटेत एक कपॅसिटर थेट टाकून करंट आवरलेला असतो, आणि जोडीला एक छोटा रेझिस्टर. गोल वेव्हवर त्या रेझिस्टरला पाव वॉट वगैरे सोसावा लागतो. चौकोनी वेव्हच्या प्रत्येक उडीला मात्र तो कपॅसिटर पूर्ण उलटा भरतो, आणि तेवढी सगळी ऊर्जा त्या बिचाऱ्या रेझिस्टरमध्ये उष्णता होते. एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि वेव्ह अगदी धारदार असेल तर हिशोबाने दहा वॉटपर्यंत जातं. अर्ध्या वॉटचा रेझिस्टर तिथे कसा टिकेल? कॉम्प्युटरच्या यूपीएसवरही तीच गत.

वेव्हचा आकार खरा महत्त्वाचा असतो तो इथे. रॅकेट लाइट असतानाच चार्ज करा. तीच गोष्ट रस्त्यावर मिळणाऱ्या, कुठलंही नाव नसलेल्या अतिस्वस्त चार्जरची. आत काय आहे याची खात्री नाही.

केवडा | १३ जुलै, सकाळी ९:३०

परवा रात्री साडेआठला लाइट गेली ती काल दुपारी आली, त्यामुळे प्रयोग सगळे झाले.

हात न लावता फोन टेबलावर अर्धा तास ठेवला, स्क्रीन एकदाही हलली नाही. अनवाणी फरशीवर उभी राहून टाइप केलं तर दर दुसरं अक्षर चुकत होतं. आमची फरशी पावसाळ्यात ओलसरच असते. खाटेवर पाय वर घेतले आणि त्रास जवळजवळ गेला, अधूनमधून एखादी टिचकी. दुसऱ्या हाताने फोनची धातूची कड घट्ट धरली तरी बराच फरक पडला.

मग यजमानांच्या जुन्या फोनचा चार्जर लावला. फोन माझाच, वायर माझीच. फरशीवर अनवाणी उभी राहिले तरी स्क्रीन एकदम शांत. चार्जिंग मात्र हळू होतं. माझा नवीन ६७ वॉटचा आहे, हा १० वॉटचा.

घाटमाथा | १३ जुलै, सकाळी १०:०५

मग ६७ वॉटचा चार्जर सदोष आहे. दुकानातून बदलून घ्या.

सोल्डर | १३ जुलै, दुपारी २:१५

ताई, इतकं नीट करून बघितल्याबद्दल मनापासून आभार. हात न लावता शांत, फरशीवर वाईट, खाटेवर बरं, कड धरली की बरं. वाट तीच आहे याबद्दल शंका उरली नाही.

चार्जर सदोष आहे असं मी लगेच म्हणणार नाही. लाइटवर तो नीट चालतोय. मोठ्या चार्जरमध्ये झिरपणारा कपॅसिटर मोठा असू शकतो, म्हणून त्याचा झटकाही मोठा. पण हा अंदाज आहे, उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि चांगला चार्जर तुम्ही त्यासाठी फोडू नका. रात्री १० वॉटचा वापरा. पाच हजारच्या बॅटरीला अडीच-तीन तास लागतील, रात्र पुरेशी आहे.

सातभाई_नाशिक | १३ जुलै, दुपारी ३:००

इन्व्हर्टरच्या बॅटरीलाच गाडीतला चार्जर जोडला तर? १२ व्होल्ट तिथे आहेतच. वेव्हचा प्रश्नच नाही आणि इन्व्हर्टरचा घासही वाचेल.

सोल्डर | १३ जुलै, रात्री ९:५०

चालतं, माझ्या घरी आहे. गाडीतला चार्जर १२ आणि २४ दोन्हीवर चालतो, बॅटरी भरताना व्होल्ट साडेचौदाच्या जवळ जातात तेही त्याला सोसतात. स्क्रीनला त्रास होत नाही. फोन एकदा भरायला बॅटरीतून दोन एएचही जात नाहीत.

पण फ्यूज हवाच, ५ अँपिअरचा, आणि प्लसच्या खुंटीपासून वीतभर अंतरात. १५० एएचची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर देते, बारीक वायर क्षणात लाल होते. जोडणी करताना इन्व्हर्टर आणि त्याची लाइट दोन्ही बंद करा, पंधरा-वीस मिनिटं खोली उघडी ठेवा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, खुंटीपाशी ठिणगी नको. दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर असेल तर त्यातल्या एकीवरून वीज घेऊ नका. ती एकटी मागे पडत जाते आणि वर्षभरात जोडी बिघडते. तिथे दोन्हींच्या टोकांवरून, चार्जरवर २४ लिहिलंय हे बघून.

पाचोळा | १४ जुलै, सकाळी ८:१५

सोल्डर काका, आमच्या इन्व्हर्टरवर असताना टेस्टर दोन्ही भोकांत लागतो, लाइट असताना एकातच. याचा स्क्रीनशी संबंध असेल का? आमच्याकडेही एका टॅबला असाच त्रास आहे, आणि १० वॉटच्या चार्जरनेही थांबत नाही.

सोल्डर | १४ जुलै, दुपारी १:३०

असू शकतो. काही इन्व्हर्टर बॅटरीवर आले की न्यूट्रलही तोडतात, मग दोन्ही टोकं अधांतरी राहतात. त्याने त्रास वाढतो की कमी होतो, मला दोन्ही प्रकार दिसले आहेत, नेमका नियम सापडलेला नाही. टॅबचा चार्जर तीन पिनचा आहे का? आणि त्या सॉकेटला अर्थिंग खरंच पोचलंय का? तेवढं बघून लिहा.

पाचोळा | १४ जुलै, दुपारी १:५५

दोन पिनचा आहे. अर्थिंगचं वायरमनला विचारून सांगतो.

केवडा | १४ जुलै, रात्री ८:४५

आत्ताच लाइट गेली. जुना चार्जर लावून फरशीवर बसून हे लिहिते आहे, एकही अक्षर चुकलेलं नाही. बॅटरीवरच्या चार्जरसाठी फ्यूज आणि त्याचा डबा दापोलीहून आणायला सांगितला आहे. पाचोळा, तुमचं काय निघतं ते इथेच लिहा, आमच्याही सॉकेटमध्ये टेस्टर दोन्हीकडे लागतो का ते उद्या बघते.